धानाच्या बांधीतला डास, डुक्कर आणि बगळा: जपानी मेंदूज्वराची साखळी कशी तोडावी

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा आपला धानाचा पट्टा. रोवणी झाली की बांध्यांमध्ये पाणी उभं राहतं, बगळे उतरतात आणि संध्याकाळी डासांचे थवे निघतात. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूला जे जे लागतं ते यातच आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा 1955 साली तमिळनाडूत वेल्लोर भागात सापडला. 1973 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बांकुऱ्यात मोठी साथ आली आणि 2005 मध्ये गोरखपूर परिसरात हजाराहून अधिक माणसं, बहुतेक मुलं, दगावली. हे सगळे धानाचे मुलूख.

साखळी समजली तर ती कुठे तोडायची हे आपोआप कळतं. विषाणू बगळ्यांमध्ये राहतो: ढोकरी, गायबगळा, रातबगळा. त्यांना काही होत नाही, पण घरट्यातल्या पिलांच्या रक्तात विषाणू काही दिवस वाढलेला असतो. क्युलेक्स जातीचा डास तिथून तो उचलतो आणि डुकराला चावतो. डुक्कर म्हणजे विषाणूचा कारखाना. दोन-चार दिवस त्याच्या रक्तात विषाणू इतका दाट असतो की त्या काळात चावणारे कितीतरी डास बाधित होतात. शिवाय डुकरं वर्षाच्या आत कापली जातात, त्यामुळे प्रतिकारशक्ती नसलेली नवी पिलं गावात सतत असतातच. माणसाच्या रक्तात मात्र विषाणू इतका कमी असतो की त्याला चावून डास बाधित होत नाही. माणसापासून माणसाला हा आजार होत नाही, शिजवलेलं डुकराचं मांस खाऊनही होत नाही. गाय-बैलांच्या बाबतीतही साखळी तिथेच तुटते.

बगळ्यांना हाकलून काही साधत नाही, ते बांधी बदलतात एवढंच. घरट्यांची झाडं तोडणं तर उगाच. हात घालायचा तो पाण्यात आणि डुकराच्या गोठ्यात.

बांधीतल्या अळ्या बघा

काठीला बांधलेला पांढरा मग किंवा वाडगं घ्या. सकाळी धुऱ्याच्या कडेने चाला आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं उभं राहा, कारण सावली पडताच अळ्या तळाशी जातात. हा मग तिरका धरून चटकन पाणी घ्या आणि क्षणभर थांबा. क्युलेक्सची अळी डोकं खाली, शेपटीकडची श्वासनळी वर, अशी पाण्याच्या पृष्ठभागाला तिरपी लटकते. पृष्ठभागाला समांतर पडून राहिलेली अळी दिसली तर ती मलेरियाच्या डासाची. स्वल्पविरामासारखे वाकडे, उड्या मारणारे कोष दिसले तर डास एक-दोन दिवसांत उडणार. बांधीत वेगवेगळ्या ठिकाणी दहा मग तरी बघा. पाणी लावताना किंवा काढताना बैलाच्या खुरांनी आणि माणसाच्या पायांनी पडलेले खळगे विसरू नका, शेवटच्या अळ्या तिथेच सापडतात.

पाणी मध्येच तोडा

अंड्यापासून डास होईपर्यंत उष्ण दिवसांत साधारण सात ते दहा दिवस लागतात. तेवढे दिवस पाणी सलग उभं राहिलं नाही तर पिढी संपते. सगळा डाव एवढाच.

समजा, 1 ऑगस्टला बांधी भरली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक अळ्या दिसतील, आठव्या-नवव्या दिवशी डास बाहेर पडायला लागतील. म्हणून सहा दिवसांनी, म्हणजे 7 ऑगस्टपर्यंत, पाणी काढून टाका आणि दोन-तीन दिवस माती उघडी ठेवा. चिखल ओला चालेल, पण वर पाणी नको. मग परत 5 सेंमी पाणी द्या आणि हाच फेरा चालू ठेवा.

धानाला ताण बसेल या भीतीने हात मागे घेऊ नका. जमिनीखालचं पाणी मोजायला 30 सेंमी लांबीचा, 10 ते 15 सेंमी रुंदीचा पाईप घ्या, त्याच्या खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडा आणि निम्मा जमिनीत गाडा. आतली माती काढून टाका. पाईपमधलं पाणी जमिनीच्या 15 सेंमी खाली गेलं की परत भरा, तोवर रोपाला पाणी मिळतं. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे पातळ पाणी ठेवा, नाहीतर तण माजेल. नेमक्या याच काळात अळ्यांवर सगळ्यात जास्त लक्ष हवं. निसवणीच्या आठवडाभर आधीपासून ते आठवडाभर नंतरपर्यंत मात्र पाणी तोडू नका, दाणा पोचट राहतो.

आता अडचणी. श्रावणात झड लागली तर पाणी काढण्याचं कोण बोलतो! खरीपात हा उपाय फक्त उघडीप असेल तेव्हाच चालतो; उन्हाळी धानात मात्र पाण्याची पाळी हातात असल्याने सहज जमतो. दुसरं, तुमच्या एकट्याच्या बांधीत पाणी तोडून भागत नाही. हा डास एक-दोन किलोमीटर उडतो, म्हणून पाळी बघून एका कालव्यावरच्या शेजाऱ्यांनी मिळून करा. तिसरं, पाणी काढलं की चतुराची पिल्लं आणि मासेही जातात. हेच अळ्या खाणारे. त्यामुळे पाणी परत भरल्यावर पहिल्या आठवड्यात मग घेऊन फिरणं जास्त गरजेचं. तुडतुड्यासाठी गरज नसताना फवारणी केली तर हेच मित्रकीटक मरतात आणि अळ्यांना मोकळं रान मिळतं. बांधी सपाट करून घेतली असेल तर खळगे राहत नाहीत आणि निम्मं काम तिथेच होतं.

डुकरं

गावात डुकरं असतील तर रात्रीचा गोठा वस्तीपासून लांब हलवा. जागा नसेल तर सूर्यास्ताआधी गोठा मच्छरदाणीच्या जाळीने पूर्ण झाका, खालची फट बुजवा. हा डास मुख्यतः अंधार पडल्यावर चावतो, म्हणून दिवसभर जाळी उघडी चालेल. मोठं डुक्कर बाधित होऊनही आजारी दिसत नाही. खूण असते ती गाभण मादीत: मेलेली, वाळून काळसर झालेली पिलं एकाच वेतात पडतात. इतरही रोगांनी असं होतं, पण अशी एकाहून जास्त वेतं झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा आणि आरोग्य उपकेंद्रालाही कळवा.

माणसं

अंगणात झोपायची सवय असेल तर मच्छरदाणी लावल्याशिवाय नाही. घरातल्या भिंतींवर फवारणी करून हा डास फारसा मरत नाही, कारण तो खाऊन झालं की बाहेरच्या झाडाझुडपांत, धानातच बसतो. धूर फवारणी साथीच्या वेळी तात्पुरती, बस.

सगळ्यात भक्कम काम लशीचं. जोखमीच्या जिल्ह्यांत मुलांना पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मोफत मिळतो. कार्ड सापडत नाही म्हणून दुसरा डोस चुकवू नका. आशाताईंच्या नोंदवहीत तारीख असते, तिथे बघून घ्या.

चावल्यापासून 5 ते 15 दिवसांनी आजार दिसतो. बाधितांपैकी साधारण अडीचशेत एकालाच गंभीर त्रास होतो, पण त्या एकाच्या बाबतीत वेळ घालवता येत नाही. जोराचा ताप, डोकेदुखी, उलट्या, मग झटके, असंबद्ध बडबड किंवा मूल उठवूनही न उठणं: यातलं काही दिसलं की मांत्रिक, सलाईन, गोळी हे टप्पे सोडा आणि सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. विषाणूवर औषध नाही. मेंदूची सूज, झटके, श्वास सांभाळणं हाच उपचार. निदानासाठी पाठीच्या कण्यातल्या द्रवाची तपासणी करतात. ती ऐकून घरचे घाबरतात, नको म्हणतात. तेव्हा मात्र होकार द्या, कारण पहिल्या दिवसांत रक्तात खूण नसली तरी त्या द्रवात सापडू शकते. गावात एक रुग्ण निघाला, तर त्याच संध्याकाळी डुकरांच्या गोठ्यावर जाळी आणि दुसऱ्या दिवशी बांध्यांवर मग घेऊन निघा.