बादलीची गोष्ट सांगताना काटा जवळ ठेवावा

जळगावकडच्या एखाद्या मुलीला नायिका करून 'जितके लिटर पाणी, तितके किलो वजन' ही गोष्ट मुलांना सांगायची असेल, तर प्रयोग आधी स्वतः करून पाहावा, कारण तो सहसा पहिल्या फटक्यात जुळत नाही.

गोष्टीतली मुलगी दुधाच्या एक लिटरच्या मापाने बादलीत दहा मापे पाणी ओतते आणि बादली धान्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवते, तेव्हा आकडा 10.6 किलो दिसतो. ती हिरमुसते, मग बादली रिकामी करून, पुसून तोलते, तर ती 600 ग्रॅम भरते, आणि वजाबाकी केल्यावर बरोबर 10 किलो उरतात. हे कोडे तिलाच सोडवू द्यावे, आजोबांना मध्ये आणू नये. मापाऐवजी पाण्याची बाटली घेतल्यास ती गळ्यापर्यंत काठोकाठ भरू नये, कारण तशी भरल्यास तिच्यात लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी मावते.

हा मेळ योगायोगाचा नाही, कारण 1795 साली फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच एक घनसेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून ठरवली गेली. मात्र वैशाखात टाकीतले पाणी 40 अंशांपर्यंत तापले, तर दहा लिटरांमागे सुमारे 80 ग्रॅम कमी भरतात, म्हणून माठातले पाणी घेतलेले बरे. शेवटी त्याच मापाने शेंगदाण्याचे तेल तोलावे: लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅमच भरते.