ब्लूटूथची जुनी यादी साफ करताना या चुका टाळा

गाडीत फोन जुळत नाही, इअरबड कधी लागतात कधी नाही, स्मार्ट घड्याळाची जोडणी दिवसातून चारदा तुटते. अशी तक्रार आली की बहुतेक जण एकच उपाय करून आलेले असतात. फोनमधली यादी उघडायची, नाव ‘Forget’ करायचं आणि लगेच पुन्हा जोडायला बसायचं. तरी जुळलं नाही की फोन गेला नाहीतर गाडीचा सेट गेला, असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात मी हे वर्षानुवर्षं बघतो आहे. यातले बरेचसे फोन आणि सेट अगदी ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती साफसफाई, कारण ती अर्धीच झालेली असते.

पहिली चूक: एकाच बाजूने पुसणे

जोडणी झाली म्हणजे फोनने फक्त नाव लिहून ठेवलं, असं होत नाही. पहिल्यांदा जोडताना दोन्ही यंत्रं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघांकडेही जपली जाते. पुढच्या वेळी तुम्ही काहीही न दाबता ती आपोआप जुळतात, ते या किल्लीमुळे. तुम्ही फोनमधून ‘Forget’ करता तेव्हा फोनकडची किल्ली जाते, पण गाडीकडची जागच्या जागी राहते. काही सेट अशा वेळी जुनी किल्ली बाजूला ठेवून नव्याने जोडणी करतात. पण पुष्कळ सेट, विशेषतः काही वर्षं जुने, तसं करत नाहीत. ते ओळखीचा फोन म्हणून जुनीच किल्ली मागतात, फोनकडे ती नसते, आणि जोडणी फसते.

याची खूण स्क्रीनवर दिसते, पण लोक ती वाचत नाहीत. अँड्रॉइडवर “Couldn't pair because of an incorrect PIN or passkey” असा संदेश आला आणि तुमच्याकडे कुणी पिन मागितलाच नव्हता, तर आधी किल्ल्यांच्या गोंधळाचाच संशय घ्या. तिथे 0000 आणि 1234 टाकण्याची जागा शोधत बसू नका. “Can't communicate with” असं आलं तर समोरचं यंत्र उत्तरच देत नाही, म्हणजे ते बंद आहे, लांब आहे किंवा दुसऱ्याच फोनला लागलेलं आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं आहे.

उलटही घडतं, आणि वर्षांनुवर्षं साचत जाणारा त्रास मुख्यतः हाच असतो. गाडीच्या सेटची किंवा इअरबडची स्मरणशक्ती छोटी असते. काही सेट पाचच फोन लक्षात ठेवतात, काही दहा. जागा भरली की काही सेट नवीन फोन घेतच नाहीत, आणि काही न सांगता एखादा जुना फोन काढून टाकतात. दिवाळीला पाहुणे आले, त्यांनी प्रवासात गाणी लावायला आपापले फोन जोडले, आणि तुमचा फोन गाडीच्या यादीतून बाहेर गेला. तुमच्या फोनमध्ये मात्र गाडीचं नाव तसंच दिसत राहतं, आणि तुम्ही त्यावर बोट दाबत राहता. फोनमधली यादी लांबलचक आहे म्हणून बिघाड झाला, असं क्वचितच असतं. अडचण बहुधा समोरच्या छोट्या यादीत असते, आणि ती उघडून बघायचं कुणालाच सुचत नाही.

दुसरी चूक: सगळंच रिसेट करणे

ही माझ्या सर्वात जास्त रागाची चूक आहे. अँड्रॉइडच्या ‘System’ मध्ये ‘Reset options’ खाली ब्लूटूथ आणि वाय-फाय एकत्र पुसण्याचा पर्याय असतो. सॅमसंगवर तो ‘General management’ मधल्या ‘Reset’ खाली सापडतो. पर्याय चांगला आहे, पण तो शेवटचा आहे. एका इअरबडसाठी तो दाबला की गाडी, घड्याळ, स्पीकर अशा सगळ्या जोडण्यांच्या किल्ल्या फोनमधून जातात, आणि घरच्या-ऑफिसच्या वाय-फायचे पासवर्डही जातात. त्या सगळ्या यंत्रांकडे मात्र जुन्या किल्ल्या शिल्लक असतात. म्हणजे एका बिघाडाचे तुम्ही चार केले.

प्रतापनगरचे एक निवृत्त काकाजी असेच आले होते. सेकंडहँड गाडी, चार-पाच वर्षं वापरलेला फोन. एका दुकानाने गाडीचा सेट बदलायचा खर्च लिहून दिला होता आणि काकाजी तो कागद घेऊनच आले. मी विचारलं, “काकाजी, बंद कधीपासून पडलं?” तर म्हणाले, “गाडीचं तं बरोबर चालू होतं भाऊ. इअरबड लागत नव्हते म्हणून पुतण्याने फोनमध्ये काहीतरी रिसेट मारलं. तेव्हापासून गाडीही नाही, घड्याळही नाही, घरचं वाय-फायही नाही.”

निदान तिथेच अर्धं झालं होतं, पण सेटवर आळ होता म्हणून आधी सेट तपासला. माझा स्वतःचा फोन त्यांच्या गाडीला जोडून बघितला. पहिल्याच फटक्यात जुळला, कॉल लागला, आवाजही स्वच्छ आला. म्हणजे सेट धडधाकट. मग काकाजींचा फोन लावला, तर तोच चुकीच्या पासकीचा संदेश. सेटमधली फोनची यादी उघडली. त्यात आधीच्या मालकाचा फोन अजून बसलेला, मुलाचा होता, ड्रायव्हरचा होता, आणि काकाजींचं नाव दोनदा. एक जुन्या फोनचं, एक आताच्या फोनचं. दोन्ही फोनना त्यांनी एकच नाव दिलेलं. यातलं एकच काढलं असतं, आणि ते जुन्या फोनचं निघालं असतं, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी त्यांच्या नावाच्या दोन्ही नोंदी काढल्या, आधीच्या मालकाची काढली, आणि फोनमध्ये अर्धवट उरलेलं गाडीचं नावही काढलं.

त्यानंतर मी एक गोष्ट करतो जी घाईची मंडळी हमखास टाळतात. फोन बंद करून पुन्हा सुरू करतो, आणि गाडीचा सेट खरोखर झोपू देतो. नुसती चावी फिरवून सेट पुरता बंद होतोच असं नाही. कित्येक गाड्यांत तो दार उघडेपर्यंत किंवा त्यानंतरही थोडा वेळ जागाच असतो. म्हणून गाडी बंद करायची, उतरायचं, दार लावायचं आणि चहा पिऊन यायचं. मग सेटवर नवीन फोन जोडण्याचा पर्याय चालू करायचा आणि फोनमधून एकदाच शोधायचं. दोन्हीकडून एकाच वेळी शोधाशोध करू नका. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात. ते सारखे आहेत हे बघून दोन्हीकडे होकार द्यायचा. काकाजींचा फोन असाच जुळला. नवीन सेटचा कागद त्यांनी तिथेच फाडला.

इअरबडचं काय होतं? ते घरच्या लॅपटॉपलाही जोडलेले होते. लॅपटॉप उघडा राहिला की इअरबड डबीतून निघताच तिकडे पळायचे, आणि फोनला ते सापडायचे नाहीत. फोनमध्ये पुसण्यासारखं मुळात काहीच नव्हतं. लॅपटॉपमधून ते काढले आणि विषय संपला.

तिसरी: नावावरून ओळखणे

यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की एक उडवण्याची घाई करू नका. कानाच्या मशीनच्या डाव्या-उजव्या अशा दोन नोंदी असू शकतात, आणि त्यातली एक काढली की आजोबांना एकाच कानाने ऐकू येतं. काही हेडफोनही दोनदा दिसतात, त्यातलं एक नाव ‘LE_’ ने सुरू होतं. जोडायचं ते दुसरं, बिनउपसर्गाचं. नावापुढच्या गिअरच्या चिन्हावर गेलं की पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये तळाशी ब्लूटूथचा पत्ता दिसतो. नाव सारखं असेल, पत्ता सारखा नसतो. माझी सवय अशी की आधी पूर्ण यादीचा स्क्रीनशॉट घ्यायचा, मग त्याच गिअरमधल्या पेन्सिलने ‘घरचा स्पीकर’, ‘पांढरी गाडी’ अशी नावं द्यायची, आणि जे कुणाचं ते घरात कुणालाच सांगता येत नाही तेवढंच काढायचं. हे नाव फक्त तुमच्या फोनपुरतं बदलतं, यंत्राचं नाही.

चौथी: घड्याळ ब्लूटूथच्या यादीतून काढणे

घड्याळ त्याच्या ॲपमधूनच काढा. ॲपकडे स्वतःची नोंद असते. ब्लूटूथच्या यादीतून परस्पर काढलं की ॲप त्याला शोधत राहतं आणि घड्याळ नव्या जोडणीला तयार होत नाही. काही घड्याळं नवीन जोडणीआधी पूर्ण रिसेट मागतात, तेव्हा त्यातली माहिती आधी ॲपमध्ये उतरवून घ्या.

घड्याळाच्या अपडेटनंतर ते जोडलेलं दिसतं पण सूचना येत नाहीत, असंही होतं. फोन घड्याळाच्या सोयींची जुनी यादी लक्षात ठेवून तीच वापरत असतो. इथे ब्लूटूथ बंद-चालू करून भागलं नाही, तर ॲपमधून काढून नव्याने जोडणं कामाचं ठरतं.

पाचवी: कॅश पुसली म्हणजे झालं असं समजणे

‘Apps’ मध्ये सिस्टीमचे ॲप दाखवून ‘Bluetooth’ ची कॅश पुसा, हा सल्ला प्रत्येक व्हिडिओत असतो. नुकसान काही नाही, पण जोडणीच्या किल्ल्या कॅशमध्ये नसतात. त्यामुळे किल्ल्यांचा गोंधळ याने सुटत नाही.

थोडक्यात आणखी

आयफोनच्या कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथ बंद होत नाही, फक्त जोडण्या तुटतात; बंद करायचं तर सेटिंगमध्ये जा.

जोडलेलं दिसतं पण कॉलचा आवाज गाडीत येत नाही, तेव्हा काही पुसू नका; फोनमध्ये गाडीच्या नावापुढच्या गिअरमध्ये ‘Phone calls’ चा पर्याय चालू आहे का ते बघा.

गाडीत संपर्क दिसत नसतील तर बहुधा जोडताना आलेली परवानगी तुम्ही न वाचता नाकारली आहे.

गाडी विकताना तुमचा फोन सेटमधून काढा, कारण तुमची संपर्कयादी त्यात उरलेली असू शकते.

आवाज फक्त गर्दीच्या ठिकाणी तुटत असेल आणि घरी नीट चालत असेल, तर तो लहरींचा अडथळा आहे, यादीशी त्याचा संबंध नाही.

दोन्ही बाजू साफ केल्या, दोन्ही यंत्रं पूर्ण बंद करून सुरू केली, तरी जुळत नसेल तर एक अदलाबदल करा. दुसरा फोन त्याच गाडीला लावा, आणि तुमचा फोन दुसऱ्या कशाला तरी. दुसरा फोनही गाडीला लागला नाही तर सेट दुरुस्तीला न्या. तुमचा फोन कशालाच लागला नाही तर आता त्या मोठ्या रिसेटची पाळी आली. वाय-फायचे पासवर्ड लिहून ठेवा, मग दाबा, आणि त्यानंतर प्रत्येक यंत्रातून आपल्या फोनची जुनी नोंद काढूनच त्याला नव्याने जोडा.