हेलिकल कॉइलमधल्या या चुका टाळा (नळी आवळली म्हणून पाणी जास्त तापत नाही)

सोलापुरात डाइंग युनिट, चादरींचे कारखाने, बॉयलर यांच्यामागे फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि एक वाक्य ऐकून कान किटले. "सर, कॉइल आहे ना, मग सरळ पाइपापेक्षा हीट ट्रान्सफर जास्तच असणार की ओ." असतो, पण कधी पाचपट असतो, कधी वीस टक्के आणि कधी शून्य. हे "कधी" न बघता जे कॉइल गुंडाळत सुटतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आत काय होतं ते बघा. वळणावर नळीच्या मधलं पाणी वेगात असतं म्हणून ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. त्याने बाहेरच्या बाजूला दाब वाढतो आणि भिंतीलगतचं पाणी मुळातच हळू असल्यामुळे त्या दाबापुढे टिकत नाही, भिंतीला धरून आतल्या बाजूला सरकतं. असे वर एक, खाली एक, दोन भोवरे तयार होतात. यालाच सेकंडरी फ्लो म्हणायचं आणि याचं गणित डीन यांनी १९२७-२८ मध्ये मांडलं. कपातला चहा ढवळून चमचा काढला की पावडर कडेला न जाता मधोमध गोळा होते ना, तो याच घराण्यातला प्रकार. या भोवऱ्यांमुळे भिंतीचं गरम पाणी मध्ये आणि मधलं थंड पाणी भिंतीला येत राहतं, म्हणून हीट ट्रान्सफर कोइफिशंट वाढतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा घट्टपणा यांवरून निघणारा रेनॉल्ड्स नंबर २३०० च्या वर गेला की फ्लो टर्ब्युलंट, म्हणजे खळबळणारा, धरायचा, सरळ नळीचा टर्ब्युलंट फॉर्म्युला लावायचा, त्याला वळणाचा फॅक्टर गुणायचा आणि मोकळं व्हायचं. अरे बाबा, हेच भोवरे फ्लोला शिस्तीत ठेवतात, टर्ब्युलन्स लांबवतात! कॉइलसाठी ही हद्द वेगळी असते आणि ती काढायला मी श्मिट यांचं सूत्र वापरतो (d म्हणजे नळीचा आतला व्यास, D म्हणजे कॉइलचा):

```
Re_cr = 2300*(1 + 8.6*(d/D)**0.45)
```

याचा फटका कसा बसतो ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बघितलं. एका युनिटात रंगाचं गरम सांडपाणी एका हौदात साठायचं, साधारण ७० डिग्री. त्यात तांब्याची कॉइल बुडवलेली, आतून ३० डिग्रीचं ताजं पाणी मिनिटाला २ लिटर जायचं आणि ६० च्या आसपास होऊन निघायचं. नळी आतून १० मिमी, लांबी १२ मीटर, कॉइलचा व्यास ४०० मिमी. मालकांना अजून गरम पाणी पाहिजे होतं. कुणीतरी सांगितलं की कॉइल जितकी आवळाल तितका सेकंडरी फ्लो जास्त, मग काय, तीच १२ मीटर नळी २०० मिमीवर नव्याने गुंडाळून आणली. मजुरी गेली, दोन दिवस काम बंद, आणि पाणी? ६० च ओ. मालकांचा फोन, "सर, आवळून दिली तरी बी पाणी तापंना की."

गणित केलं. सरासरी ४५ डिग्रीला रेनॉल्ड्स साधारण ७०००. जुन्या ४०० मिमीच्या कॉइलची हद्द ६०६० च्या आसपास येते, म्हणजे फ्लो नुकताच टर्ब्युलंटकडे झुकलेला. नव्या २०० मिमीच्या कॉइलची हद्द ७४४० च्या आसपास. म्हणजे आवळून आवळून आपण फ्लोला परत लॅमिनारमध्ये, म्हणजे शांत थरांत, आणून बसवलं! सरळ नळीत याच वेगाला नसेल्ट नंबर, म्हणजे कोइफिशंटचंच बिनएककाचं माप, ४५ च्या आसपास मिळतो आणि या आवळलेल्या कॉइलमध्ये, कुठलं सूत्र धरता त्यावर, ४० ते ५०. फायदा जवळपास नाहीच. पण सरळ नळीचं टर्ब्युलंट सूत्र डिटस-बोल्टर काढून त्याला वळणाचं १.१७५ गुणलं की कागदावर ५५ येतात आणि माणूस खूश होतो. मुळात डिटस-बोल्टर दहा हजार रेनॉल्ड्सच्या वरचं सूत्र आहे, पण ते बघायला वेळ कुणाला आहे.

मग कॉइलचा खरा फायदा कुठे? याच २०० मिमीच्या कॉइलमधून पाणी अर्धा लिटरवर आणलं तर रेनॉल्ड्स १७६० च्या आसपास. सरळ लांब नळीत तिथे नसेल्ट ३.६६ वर अडकतो (भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं धरून), कॉइलमध्ये २० च्या आसपास जातो. पाचपट! घर्षण वाढतं ते अडीचपट, म्हणजे सौदा चांगलाच आहे. उलट १० लिटरवर फ्लो पक्का टर्ब्युलंट होतो आणि वळणाचा फायदा १७ ते २५ टक्क्यांवर येतो. म्हणून घट्ट द्रव, हळू फ्लो, बारीक नळी असेल तर कॉइल जरूर घ्या. नुसता पंप मोठा लावून धो धो पाणी सोडायचं असेल तर वळणाकडून फार आशा ठेवू नका.

दुसरी चूक त्याच हौदात दिसली आणि ती जास्त महागाची आहे. आतल्या कोइफिशंटवर एवढी चर्चा, बाहेर काय आहे हे कुणी बघितलंच नाही. हौदातलं पाणी शांत, बाहेरचा कोइफिशंट साधारण ६०० W/m²K, आतला २८००. दोन्ही रोध मिळून एकूण कोइफिशंट ४९४ येतो. समजा आतला खरंच ३० टक्के वाढला असता, तरी एकूण ५१५ झाला असता, म्हणजे पाण्यात जेमतेम अर्धा डिग्री फरक. बाहेरचा दुप्पट केला तर एकूण ८४० आणि पाणी ६६ पर्यंत. मी काय केलं, हौदाच्या तळाला भोकं पाडलेला पाइप टाकून कॉम्प्रेसरची थोडी हवा सोडली, पाणी खदखदायला लागलं. त्याच दिवशी थर्मामीटर ६५ दाखवायला लागला. आधी फोन केला असता तर कॉइल उलगडायचीच गरज नव्हती, पण आपल्याकडे आधी वेल्डर येतो आणि मग सर. माझी सवय सांगतो, कॉइलला हात लावायच्या आधी हौद बांबूने दोन मिनिटं ढवळून बघतो. बाहेर येणारं पाणी लगेच गरम झालं तर दोष बाहेरच्या बाजूला आहे, आतल्या भोवऱ्यांवर डोकं फोडू नका.

आत वाफ असेल तर? मग हे सगळं पुराण बंद करा. वाफ कंडेन्स होताना कोइफिशंट आधीच भरपूर असतो, तिथे कंडेन्सेट नीट निघतंय का आणि ट्रॅप चालतोय का एवढंच बघा.

बाकीच्या चुका पटकन. कॉइलचा व्यास नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, बाहेरून बाहेर नाही. सेकंडरी फ्लोचा जोर सांगणाऱ्या डीन नंबरात व्यासाला व्यासानेच भागा, d ला त्रिज्येने भागलं की उत्तर १.४ पट चुकतं. पिचवरून वाद घालू नका, दाट गुंडाळलेल्या कॉइलच्या आतल्या बाजूला त्याचा फरक नगण्य, पण वेढे एकमेकांना चिकटवले तर बाहेरचं पाणी अडतं. तांब्याची नळी वाळू न भरता वाकवली की चपटी होते, मग सूत्रात घातलेला गोल व्यास राहतोच कुठे.

प्रोजेक्टवाल्या पोरांसाठी एक, थर्मोकपल नळीच्या एकाच बाजूला चिकटवू नका बे. कॉइलच्या बाहेरच्या बाजूला कोइफिशंट आतल्या बाजूच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे एका बाजूचं रीडिंग घेतलं की उत्तर हवं तसं निघतं. मी चार बाजूंना चार लावतो आणि सरासरी घेतो, कंटाळा येतो पण घेतो.

आणि आपलं बोअरचं जड पाणी. अर्धा मिमी क्षार बसला तरी त्याचा रोध आतल्या फिल्मच्या रोधाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत जातो. सरळ नळीत ब्रश घालता येतो, कॉइलमध्ये नाही, म्हणून कॉइलच्या दोन्ही टोकांना ॲसिड फिरवायला टी आणि व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय मी ड्रॉइंगवर सही करत नाही.