अबोला मोडणारं पहिलं वाक्य
जोडीदाराशी अबोला तिसऱ्या दिवसापर्यंत लांबला की मूळ भांडण मागे पडतं आणि ‘आधी कोण बोलणार’ एवढंच उरतं. म्हणून पहिलं वाक्य भांडणाबद्दल नकोच, अबोल्याबद्दल असू द्या: “हे न बोलणं मला जड जातंय. पैशांच्या विषयावर माझं मत तेच आहे, पण रात्री नऊला वीस मिनिटं बसूया का?” यात माफी नाही, आरोपही नाही. “तू नेहमी गप्प बसतोस” म्हटलंत, तर जोडीदार पुन्हा गप्प होईल. उत्तर आलं नाही तर मागे लागू नका. दुसऱ्या दिवशी एकदाच विचारा. मात्र जोडीदार दरवेळी तुम्ही झुकेपर्यंत मुद्दाम गप्प राहत असेल, तर तो रुसवा नव्हे, धाक आहे. तिथे समुपदेशकाची मदत घ्या.