घरच्या ओट्यावर सहाजणांचा स्वयंपाकवर्ग: मेनू, खर्च आणि फी

घरी स्वयंपाकाचे वर्ग सुरू करायचे म्हटलं की बहुतेकजणी आधी पदार्थांची यादी काढतात: पनीर बटर मसाला, व्हेज बिर्याणी, पावभाजी. नवीन लग्न झालेलं जोडपं किंवा हिंजवडीत नोकरी करून रात्री साडेआठला खोलीवर पोचणारा मुलगा शिकायला येतो, तो या यादीसाठी येत नाही. बुधवारी रात्री एकट्याने उभं राहून पाऊण तासात काय करून खाता येईल, हे त्याला हवं असतं. मेनू त्या रात्रीवरून ठरवा. फी आणि खर्चाचं गणितही मग आपोआप आटोक्यात राहतं, कारण वरण, भात, पोळी, उसळ यांचं सामान स्वस्त असतं आणि खरं शिकवणं त्यातच असतं.

आधी माणसं किती घ्यायची ते बघू. हा आकडा खोलीवर नाही, शेगड्यांवर ठरतो. घरच्या दोन मोठ्या बर्नरवर दोन जोड्या आणि बाजूला एका इंडक्शनवर तिसरी, म्हणजे सहाजण. सातवा माणूस आला की तो नुसता बघत उभा राहतो, आणि बघून कुणाला फोडणी येत नाही. इंडक्शन मुद्दाम ठेवा. पीजीत राहणाऱ्यांकडे बहुधा तेवढंच असतं, आणि गॅसवर शिकलेलं त्यावर तसंच्या तसं चालत नाही.

चार रविवार, सकाळी दहा ते एक, एवढा अभ्यासक्रम पुरतो. पहिल्या रविवारी वरण-भात, बटाट्याची सुकी भाजी आणि काकडीची कोशिंबीर. दुसऱ्या रविवारी फक्त पोळी, आणि सोबतीला दहा मिनिटांत होणारं पिठलं. तिसऱ्याला मटकीची उसळ आणि पोहे. चौथ्याला आमटी, मुगाची खिचडी आणि अंडा करी शिकवून शेवटच्या तासात प्रत्येक जोडीने न विचारता एक पूर्ण जेवण करायचं. मिक्सर लागेल असं काही ठेवू नका. खोलीवर मिक्सर नसतो. मटकीसाठी शुक्रवारी सकाळीच सगळ्यांना निरोप पाठवा: आठ-दहा तास भिजवा, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा. थंडीत मोड यायला जास्त वेळ लागतो, तेव्हा तो निरोप गुरुवारी जाऊ द्या.

शिकवताना सगळ्यात मोठी अडचण आपल्या 'अंदाजाने' या शब्दाची. तुमचा हात वीस वर्षं मीठ टाकतोय, समोरच्याचा नाही. म्हणून एकच वाटी, दीडशे मिलीची, सगळ्यांना द्या आणि सगळी मापं तिच्यात सांगा. दोघांसाठी एक वाटी तांदूळ, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम, आणि दोन वाट्या पाणी. अर्धी वाटी तूरडाळ, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी. हे तळाचं पाणी विसरणारे दर बॅचला असतात. कुकर करपतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. म्हणून झाकण लावण्याआधी प्रत्येकाला 'तळात पाणी?' असं मोठ्याने विचारायची सवय लावा.

डाळ कच्ची राहिली की मुलं म्हणतात, 'चार शिट्ट्या केल्या होत्या.' इथेच शिकवायचं की डाळ शिट्ट्यांनी नाही, दाबाखालच्या मिनिटांनी शिजते. इंडक्शन पूर्ण ताकदीवर ठेवलं तर चार शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ तशीच राहते. पहिली शिट्टी झाली की आच कमी करायची, इंडक्शनवर सहाशे वॅटच्या आसपास, आणि तिथून दहा-बारा मिनिटं मोजायची. मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्यायची. तरीही डाळ शिजली नाही तर तीन गोष्टी तपासा: डाळ जुनी आहे का, अर्धा तास भिजवली होती का, आणि टोमॅटो, चिंच किंवा आमसूल शिजायच्या आधीच घातलं होतं का. आंबटामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून ते डाळ घोटल्यावरच घालायचं. इंडक्शनवाल्याला हेही सांगा की साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचाच कुकर घ्यायचा.

फोडणी मात्र जोडीने शिकवू नका. प्रत्येकाने छोट्या कढल्यात एकट्याने करायची, निदान दोनदा. खर्च माणशी दोन चमचे तेलाचा, आणि अख्ख्या वर्गात याच्याइतकं उपयोगी काही नाही. एक मोठा चमचा तेल तापत ठेवायचं, मोहरीचे दोनच दाणे टाकायचे. ते लगेच तडतडले तर तेल तयार; नुसतेच तळाशी बसले तर थांबायचं; धूर दिसला तर आच बंद करून तेल थोडं निवू द्यायचं. मोहरी पूर्ण तडतडल्याशिवाय जिरं घातलं की मोहरी कच्ची राहून कडवट लागते. हिंग, कढीपत्ता, मिरची झाली की गॅस बंद करून मगच हळद. हळद आणि तिखट करपायला दोन-तीन सेकंद पुरतात, आणि करपलेली फोडणी कशानेही दुरुस्त होत नाही. अशी फोडणी कुणाची झालीच तर टाकून देण्याआधी सगळ्यांना तिचा वास घ्यायला लावा.

पोळीला पूर्ण रविवार देण्याचं कारण असं की तिच्यात मापापेक्षा हाताला कळणं जास्त आहे. तरी सुरुवात मापानेच: दोन वाट्या कणीक, म्हणजे साधारण १७० ग्रॅम, पाऊण वाटीला थोडं कमी पाणी, चिमूट मीठ, एक चमचा तेल. पाणी एकदम ओतू द्यायचं नाही. मळलेली कणीक बोट दाबल्यावर खड्डा राहील इतकी मऊ हवी, आणि वीस मिनिटं झाकून ठेवायलाच हवी. यातून पाच-सहा पोळ्या होतात. गोल आकारासाठी कुणाला अडवू नका, जाडी सारखी आहे का ते बघा. कडा जाड आणि मध्य पातळ असेल तर पोळी फुगत नाही. पोळी पापडासारखी कडक झाली की सगळे कणकेला दोष देतात, पण बहुधा तवा कमी तापलेला असतो. पोळी त्यावर जास्त वेळ पडून राहते आणि सुकते. तव्यावर कोरड्या पिठाची चिमूट टाकून बघायची. दोन-तीन सेकंदांत काळी पडली तर तवा फार तापलाय, दहा सेकंद पांढरीच राहिली तर अजून तापू द्या.

जोडप्यांच्या बाबतीत एक नियम पहिल्या दिवशीच सांगा. प्रत्येक पदार्थाला कामं बदलायची. नाहीतर एकजण चारही रविवार कांदा चिरतो आणि दुसरी व्यक्ती, बहुतेक वेळा बायकोच, सगळा स्वयंपाक करते. दुसरं म्हणजे त्यांना घरचा मसाला आणायला सांगा. एका घरात गोडा मसाला असतो, दुसऱ्यात कांदा-लसूण मसाला. कांदा-लसूण मसाल्यात तिखट आणि मीठ आधीच असतं, तेव्हा उसळीत वेगळं तिखट अर्ध्यावर आणायचं आणि मीठ चव बघूनच घालायचं.

आता पैसे. पहिल्या रविवारचं सामान तीन जोड्यांसाठी मांडून बघू. भाव पुण्यातल्या किराणा दुकानाच्या आसपासचे धरलेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. तांदूळ २६ रुपये, डाळ ३०, बटाटे ३२, कांदे १२, काकडी ३०, दही ३०, दाण्याचं कूट १६, तेल २२, तूप ३५, आणि मिरची, कोथिंबीर, लिंबू, फोडणीचं सामान मिळून ५०. झाले २८३. तुम्ही करून दाखवता तो चौथा वाटा यात बहुतेकजणी धरत नाहीत, तो ९५. करपणं-सांडणं १० टक्के. म्हणजे सामान सुमारे ४२० रुपये. वर गॅस आणि वीज ५०, छापील कृती ६०, चहा ६०, आणि भांडी-चिरणीला मदतनीस ताईंचे ३००. एका वर्गाचे ८९० होतात. लक्षात येईल की भाजी-धान्याचा वाटा निम्म्याहूनही कमी आहे. पोळीच्या दिवशी थोडे कमी लागतात, चौथ्या दिवशी थोडे जास्त. चार वर्गांचे ३,६०० धरा.

माणशी २,००० रुपये फी ठेवली तर सहाजणांचे १२,००० येतात आणि हातात ८,४०० राहतात. पण तुमचे तास वर्गाच्या तीन तासांवर मोजू नका. बाजार, तयारी आणि आवराआवर धरून एका रविवारचे साडेपाच तास जातात, चारांचे बावीस. म्हणजे तासाला ३८० रुपये. आता चारच जण आले असं धरा. जमा ८,०००, खर्च मात्र २,९६० च्या खाली येत नाही, कारण ताईंचे पैसे आणि तुमचा वाटा तेवढाच राहतो. हातात ५,०४०, तासाला २३० च्या आत. हा दर परवडत असेल तरच २,००० फी ठेवा, कारण पहिल्या काही बॅच चारच्याच असतात. जोडप्याला सवलत द्यायची तर ३,६०० च्या खाली जाऊ नका. इतर दोघेही एकाच शेगडीवर असतात, त्यामुळे जोडप्यामागे तुमचा खर्च कमी होत नाही. सवलत सगळी तुमच्या कमाईतून जाते.

निम्मी फी नाव नोंदवताना आणि उरलेली पहिल्या वर्गाला घ्या, कारण सामान शनिवारीच आणलेलं असतं. चुकलेल्या वर्गाचे पैसे परत देऊ नका, पुढच्या बॅचमधला तोच रविवार द्या. मेनूचा क्रम न बदलण्याचं हेही एक कारण. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या कानावर आधी घाला. वर्गात शिजलेलं शिकणाऱ्यांनीच जेवायचं. उद्या त्यांच्याच आग्रहावरून डबे विकायला लागलात तर तो वेगळा धंदा आहे आणि त्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते. पावसाळ्यात कोथिंबीर-टोमॅटोचे भाव चढले तरी चालू बॅचची फी वाढवू नका. कोशिंबीर काकडीऐवजी गाजराची करा, आमटीत टोमॅटोऐवजी आमसूल घाला, आणि ते का बदललं हे सांगा. महिन्याचा किराणा स्वतः भरणाऱ्याला तेही शिकायचंच असतं.