दुकानदाराला पहिला मेसेज मराठीत लिहिताना या चुका टाळा

उधारीचा हिशेब ठेवणारे एक ॲप किराणा दुकानदारांपर्यंत पोहोचवायचे आहे आणि मूळ इंग्रजी मेसेजचे मराठी रूप पुढीलप्रमाणे तयार झाले आहे, असे समजू.

«आदरणीय व्यवसाय मालक! आपणास कळविण्यास आनंद होत आहे की, आमचे अत्याधुनिक उधारी व्यवस्थापन समाधान आपल्या व्यवसायास पुढील स्तरावर नेण्यास मदत करते. आजच आपला विनामूल्य डेमो बुक करा!»

यात शुद्धलेखनाची चूक शोधून सापडणार नाही, तरीही गल्ल्यावर बसलेला माणूस पहिल्या ओळीतच मेसेज बंद करील. हे मराठी कोणीही कोणाशी बोलत नाही, हेच त्याचे कारण आहे.

सर्वांत ठळक चूक «समाधान» या शब्दात आहे. हिंदीत त्याचा अर्थ तोडगा असा होतो, मराठीत मात्र तो मनाची तृप्ती दाखवतो. त्यामुळे «उधारी व्यवस्थापन समाधान» वाचणाऱ्या मराठी माणसाला विकायची वस्तू कोणती आहे हेच कळत नाही. «सेवा प्रदान करतो» किंवा «आपली मदत करू» हीसुद्धा हिंदीतून आलेली वळणे आहेत. मराठीत आपण सेवा देतो आणि कोणाला तरी मदत करतो. जाहिरातीचा मजकूर अनेकदा इंग्रजीतून हिंदीत आणि तिथून मराठीत येतो, म्हणून पहिली तपासणी अशा शब्दांची करावी.

शब्द बदलल्यावरही काम संपत नाही, कारण «उधारी व्यवस्थापन» हे दुकानात घडणाऱ्या कोणत्याही एका कृतीचे नाव नाही. दुकानदार उधारी वहीत लिहितो, महिनाअखेरीस बाकी काढतो, वसुलीसाठी गिऱ्हाईकाला आठवण करून देतो आणि कधी कधी लिहायचे राहून गेल्यामुळे वाद ओढवून घेतो. तुमचे ॲप यांपैकी नेमके काय करते, ते क्रियापदाने सांगावे. मला अनुवादातली ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इंग्रजी मेसेज नामांवर उभा असतो आणि दुकानातले मराठी क्रियापदांवर चालते. «पुढील स्तरावर नेणे» या शब्दप्रयोगाच्या जागी कोणतेही क्रियापद बसत नसेल, तर मूळ वाक्यातच काही सांगितलेले नव्हते असे समजून ते वाक्य काढून टाकावे.

दुसरी चूक संबोधनाची आहे आणि ती चटकन लक्षात येत नाही. मराठीत «आपण» आदरार्थी «तुम्ही»साठी येतो, तसाच बोलणारा आणि ऐकणारा दोघांना मिळूनही येतो. «आपल्या दुकानात ॲप बसवू» हे वाक्य अनोळखी माणसाने लिहिले, तर दुकान कोणाचे असा क्षणभर प्रश्न पडतो. त्यातच अनुवादक एका वाक्यात «आपणास» आणि पुढच्या वाक्यात «तुमचा» लिहितो, म्हणजे आदराची पातळी मध्येच बदलते. दुकानदाराशी समोरासमोर जे सर्वनाम वापरले असते, तेच, म्हणजे «तुम्ही», सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावे. आदर क्रियापदाच्या रूपातून व्यक्त होतोच. «आदरणीय» लिहून तो वाढत नाही.

«दादा», «भाऊ», «शेठ», «काका» यांपैकी काय लिहावे, असे अनेक जण विचारतात. समोर उभे असताना वय, भाग आणि ओळख पाहून यांतला एक शब्द सहज तोंडी येतो, परंतु शंभर जणांना जाणाऱ्या मजकुरात तो अंदाजच ठरतो, आणि दुकान एखाद्या ताई चालवत असतील तर पहिल्याच शब्दाला घसरतो. नाव ठाऊक असेल तर नावापुढे «जी» किंवा «साहेब» लावण्याऐवजी भागातल्या प्रथेप्रमाणे «राव», «भाऊ», «ताई» यांपैकी योग्य ते लावावे, आणि नाव ठाऊक नसेल तर साधा «नमस्कार» पुरेसा आहे. लिहिणाऱ्याचे लिंग मात्र क्रियापदात दिसते. «मी दाखवतो» असा मजकूर विक्री प्रतिनिधी बाईंच्या नावाने गेला, तर तो मजकूर आयता आहे हे लगेच कळते.

कृत्रिमता घालवण्याच्या भरात नेमकी उलटी चूकही होते. आपली नसलेली बोली ओढूनताणून लिहिणे किंवा पहिल्याच मेसेजमध्ये «काय म्हणताय, धंदा कसा चाललाय?» असे विचारणे दुकानदाराला अनोळखी माणसाची लगट वाटते. साधी, प्रमाण, बोलण्यातली मराठी पुरते. फक्त लेखनाची रूपे एकसारखी असावीत. एका ओळीत «लिहायचं» आणि दुसऱ्या ओळीत «लिहायचे» आले की दोन माणसांनी तुकडे जोडल्यासारखे दिसते.

मेसेज आता असा होईल.

«नमस्कार, मी ____. तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवरून घेतला. दुकानातली उधारी मोबाईलवर लिहून ठेवायचं ॲप आम्ही बनवलं आहे. गिऱ्हाईकाचं नाव टाकलं की त्याच्याकडे किती बाकी आहे ते दिसतं. पहिला महिना पैसे नाहीत, नंतर महिन्याला 99 रुपये. तुम्ही उधारी सध्या वहीत लिहिता का? नको असेल तर तसं कळवा, पुन्हा मेसेज करणार नाही.»

यात कोण लिहीत आहे, नंबर कुठून मिळाला, वस्तू काय करते आणि पैसे किती, हे सर्व ॲपच्या एकाही स्तुतीपर विशेषणाशिवाय आले आहे. नंबर दुसरीकडून मिळाला असेल तर जे खरे आहे तेच लिहावे. «डेमो बुक करा» या आज्ञेच्या जागी एक-दोन शब्दांत उत्तर देता येईल असा प्रश्न आहे, कारण अनोळखी माणसाला वेळ देण्यापेक्षा «हो, वहीत» असे लिहिणे सोपे असते. भेटीची वेळ त्या उत्तरानंतर विचारावी, आणि तीही सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून.

पाठवण्याआधी हा मजकूर मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते ते वाक्य मोडून लिहावे. त्यानंतर एका ओळखीच्या दुकानदाराला तो एकदाच वाचायला देऊन «हे लोक काय विकत आहेत?» एवढेच विचारावे. उत्तर द्यायला तो पुन्हा मेसेजकडे पाहू लागला, तर वस्तूचे वाक्य अजून जमलेले नाही.

प्रत्यक्ष उत्तरांवरूनही दोष ओळखता येतो. «कोण?» असे वारंवार येत असेल, तर ओळखीची ओळ अपुरी आहे. «किती पैसे?» असे येत असेल, तर किंमत लपली आहे किंवा «पहिला महिना पैसे नाहीत» यावर विश्वास बसलेला नाही. «आम्ही उधारी देत नाही» असे आले, तर भाषेत दोष नाही. तो मेसेज चुकीच्या दुकानात गेला आहे आणि तिथे शब्द बदलून पुन्हा पाठवू नये.

हाच मजकूर एसएमएसने पाठवायचा असेल, तर तो जसाच्या तसा चालणार नाही. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे बसतात, देवनागरीत मात्र 70, आणि काना-मात्रा-वेलांट्या स्वतंत्र मोजल्या जातात. «किराणा» हा शब्दच सहा जागा घेतो. या मर्यादेहून लांब मजकुराचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पैसे वेगळे लागतात. भारतात व्यावसायिक एसएमएसचा नमुना आधी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, त्यामुळे नंतर एखादा शब्दही सहज बदलता येत नाही. म्हणून मराठी मजकुराची चाचणी व्हॉट्सॲपवर किंवा प्रत्यक्ष दुकानात आधी पूर्ण करावी आणि मगच नमुना नोंदणीला पाठवावा.