तापासह जुलाब : विषबाधा की टायफॉईड? निदानातल्या या चुका टाळा

जुलाब आणि ताप एकाच वेळी सुरू झाले की घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो म्हणजे "काल बाहेर काय खाल्लं होतं?" अन्नातून होणाऱ्या विषबाधेसाठी हा प्रश्न योग्यच आहे, परंतु टायफॉईडच्या बाबतीत तोच दिशाभूल करतो. टायफॉईडचे जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारणपणे एक ते दोन आठवडे जातात, कधी कधी त्याहूनही अधिक. त्यामुळे ज्या पाण्यातून किंवा ज्या बर्फाच्या गोळ्यातून तो आला, त्याची आठवणही रुग्णाला राहिलेली नसते, आणि दोष मात्र आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला लागतो.

विषबाधेचे वेळापत्रक याच्या उलट असते. उघड्यावर राहिलेल्या बासुंदीत किंवा शिळ्या भातात जंतूंनी आधीच विष तयार केलेले असेल, तर एक ते सहा तासांतच उलट्या सुरू होतात, ताप बहुधा नसतो आणि दिवसभरात रुग्ण सावरतो. अर्धवट शिजलेली कोंबडी किंवा अंडी यांतून येणारे साल्मोनेला जंतू आतड्यात वाढतात, म्हणून त्यांना सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंतचा अवधी लागतो. या प्रकारात मात्र ताप येतो, कधी 102 अंशांपर्यंतही जातो, आणि घोटाळा होतो तो इथेच. टायफॉईडचा जंतू याच साल्मोनेला कुळातला असला, तरी तो आतड्यापुरता न थांबता रक्तात उतरतो, आणि दोन्ही आजारांतला सारा फरक या एका गोष्टीतून निर्माण होतो.

पहिली चूक : जुलाबांकडे पाहणे, तापाकडे न पाहणे

समजा, रविवारी दुपारी लग्नाचे जेवण झाले. सोमवारी सकाळपर्यंत त्या पंगतीतल्या सात-आठ जणांना पोटात मुरडा, पातळ जुलाब आणि ताप सुरू झाला. त्याच घरातल्या विशीतल्या पुतण्यालाही सोमवारी जुलाब लागले, त्यामुळे सर्वांना एकच औषध देण्यात आले. बुधवारपर्यंत इतरांचा ताप उतरला आणि शनिवारपर्यंत पोटही जागेवर आले. पुतण्याचे जुलाब मंगळवारीच थांबले होते, पण ताप गेला नाही. उलट रोज संध्याकाळी तो थोडा थोडा चढत गुरुवारी 103 अंशांवर पोहोचला. नीट विचारपूस केल्यावर कळले, की लग्नाच्या तीन दिवस आधीपासूनच त्याचे डोके दुखत होते, अंग मोडून येत होते, जेवणावर वासना नव्हती आणि पोट साफ होत नव्हते. धावपळीमुळे असेल म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. म्हणजे त्याचा ताप पंगतीच्या आधीचा होता.

अशा वेळी विचारण्यासारखे प्रश्न दोनच आहेत : आधी ताप आला की आधी जुलाब, आणि जुलाब कमी झाल्यावर तापही उतरला का? विषबाधेत दोन्ही जवळपास बरोबर येतात आणि ताप बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो. टायफॉईडमध्ये ताप हाच मुख्य आजार असतो. प्रौढांमध्ये सुरुवातीला जुलाबांऐवजी बद्धकोष्ठताही दिसते, तर लहान मुलांमध्ये जुलाब अधिक आढळतात. म्हणून दर सहा तासांनी ताप मोजून, पॅरासिटामॉल दिल्याच्या वेळेसह तो कागदावर लिहून ठेवावा. गोळीने चार तास उतरलेला ताप हा गेलेला ताप नव्हे. तीन दिवसांनंतरही ताप टिकून असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि पावसाळ्यात मलेरिया व डेंग्यूची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी, कारण त्यांतही जुलाब होऊ शकतात.

दुसरी चूक : दुसऱ्याच दिवशी विडाल करणे

ही आपल्याकडची सर्वांत रूढ चूक आहे. विडाल चाचणी जंतू शोधत नाही. शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते, आणि ती पुरेशी तयार व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची विडाल खऱ्या टायफॉईडमध्येही कोरी येऊ शकते. याउलट, पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा इतर कुठल्या तापामुळेही ती पॉझिटिव्ह दिसते, आणि साध्या विषबाधेच्या रुग्णावर "टायफॉईड"चा शिक्का बसतो. ज्यांना "दरवर्षी टायफॉईड होतो" अशांपैकी अनेकांचे निदान केवळ अशा एकेकट्या विडालवर उभे असते, असे मला वाटते.

पहिल्या आठवड्यात उपयोगी चाचणी म्हणजे ब्लड कल्चर. ते प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावे, कारण मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन गोळ्यांनीही रक्तातले जंतू दबतात आणि अहवाल कोरा येतो. त्याला काही दिवस लागतात, आणि खऱ्या टायफॉईडच्या सुमारे निम्म्या ते साठ टक्के रुग्णांतच जंतू सापडतो, त्यामुळे अहवाल कोरा आला म्हणून आजार नाही असे ठरत नाही. पण जंतू सापडला तर कोणते औषध त्याच्यावर चालेल हेही समजते, आणि भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारा टायफॉईड सर्रास आढळत असल्याने ही माहिती मोलाची ठरते. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागू शकतात. दुसऱ्या दिवशीच औषध बदलण्याचा आग्रह धरू नये.

तिसरी चूक : शौचाची तपासणी सरसकट करणे, किंवा चुकीच्या वेळी करणे

पाण्यासारखे जुलाब, किरकोळ ताप आणि दोन दिवसांत उतार, एवढेच असेल तर धडधाकट माणसाला शौचाच्या तपासणीची गरज नसते; एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस हाच खरा उपचार. तपासणी लागते ती शौचात रक्त किंवा आव असेल, जुलाबांबरोबर 101 अंशांहून अधिक ताप किंवा असह्य मुरडा असेल, जुलाब सात दिवसांहून अधिक रेंगाळले असतील, किंवा एकाच जेवणानंतर अनेक जण आजारी पडले असतील तेव्हा. तान्ही बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या बाबतीत ती लवकर करावी. रक्त व ताप असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी देऊ नये.

स्टूल रुटीन आणि स्टूल कल्चर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. रुटीनमध्ये पू-पेशी दिसल्या तर आतड्याला दाह आहे एवढेच कळते. जंतू कोणता ते कल्चरनेच ठरते. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत, लघवी किंवा पाणी न मिसळता घ्यावा, आव असेल तो भाग उचलावा, आणि एक-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. रात्रभर घरात ठेवलेला नमुना निरुपयोगी ठरतो. हा नमुनाही प्रतिजैविकाआधीच हवा.

टायफॉईडमध्ये मात्र स्टूल कल्चर पहिल्या आठवड्यात बहुधा कोरे येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतू मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून त्या पुतण्याला गुरुवारी शौचाच्या नव्हे, रक्ताच्या कल्चरची गरज होती. उपचार न झालेल्या टायफॉईडमध्ये साधारण तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडू शकते किंवा आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो : एकाएकी तीव्र पोटदुखी, पोट फळीसारखे कडक होणे किंवा डांबरासारखे काळे शौच यांपैकी काहीही दिसले तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शौचाच्या कल्चरचा टायफॉईडमध्ये खरा उपयोग बरे झाल्यानंतर होतो. काही रुग्णांच्या पित्ताशयात जंतू ठाण मांडून राहतात आणि त्यांना स्वतःला काहीही त्रास नसताना शौचावाटे बाहेर पडत राहतात. त्यामुळे मेस, हॉटेल किंवा केटरिंगमध्ये स्वयंपाक करणाऱ्या माणसाने औषधांचा कोर्स संपल्यावर, काही दिवसांच्या अंतराने घेतलेले एकाहून अधिक नमुने कोरे आल्याखेरीज पुन्हा स्वयंपाकाला हात लावू नये.